बिलाचा नंबर आणि ३१ मार्चची रात्र

दुकानदार, छोटे कारखानदार आणि त्यांचे हिशेबनीस एप्रिलच्या तोंडावर हमखास एक प्रश्न विचारतात. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की बिलाचा नंबर पुन्हा एकपासून सुरू करायचा, की मागचाच पुढे चालू ठेवायचा? दुसरी शाखा उघडलेली असेल तर त्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो. दोन्ही दुकानांचे नंबर एकाच ओळीत चालवायचे की वेगवेगळे?

उत्तर शोधण्यासाठी एक कल्पित पेढी घेऊ. सांगलीत मुख्य दुकान आणि गोदाम, हळद आणि बेदाण्याचा घाऊक व्यापार, पुण्यात एक शाखा आणि गोव्यात मडगावला दुसरी. आजवर तिघेही आपापल्या संगणकावर १, २, ३ असे नंबर टाकत आलेत. त्यामुळे ५७ नंबरचं बिल दरवर्षी तीनदा जन्माला येतं.

१. कायदा काय मागतो

केंद्रीय जीएसटी नियमावली २०१७ मधल्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय असायला हवं याची यादी आहे. नंबराबद्दल त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. नंबर क्रमाने जाणारा हवा. तो सोळा चिन्हांपेक्षा लांब नको. त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ `-` आणि तिरकी रेघ `/` एवढंच चालेल. आणि तो त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. एकच मालिका ठेवा की अनेक, याची मोकळीक नियमानेच दिलेली आहे.

आता हा नियम कोणाला लागू होतो ते पाहू. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते आणि प्रत्येक नोंदणीला पंधरा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, तो जीएसटीआयएन. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. आपल्या पेढीची सांगली आणि पुणे ही दोन दुकानं एकाच क्रमांकाखाली आहेत, मडगाव वेगळ्या. म्हणजे सांगली आणि पुणे या दोघांनीही ५७ नंबरचं बिल फाडलं तर नियम मोडतो. मडगावने फाडलं तर कायद्याच्या दृष्टीने काही बिघडत नाही, कारण ती नोंदणीच निराळी आहे. तरीही पेढीचा मालक एक आणि वसुलीची वही एक, म्हणून मडगावचा नंबरही इतर दोघांशी जुळू न देणंच शहाणपणाचं.

२. एकपासून की पुढे चालू?

नियम फक्त एका वर्षापुरती पुनरावृत्ती नको म्हणतो. त्यामुळे १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरुवात करणं कायदेशीर आहे आणि मागचा आकडा पुढे चालू ठेवणंही कायदेशीरच आहे. निवड करायची ती कामाच्या सोयीने.

नुसता `57` असा नंबर ठेवून दरवर्षी एकपासून सुरुवात केली, तर त्रास वसुलीत सुरू होतो. मार्चअखेर कित्येक बिलांचे पैसे यायचे बाकी असतात आणि ती बाकी नव्या वर्षात ओढली जाते. मे महिन्यात गिऱ्हाईक बँकेत पैसे भरतं आणि शेऱ्यात ‘बिल ५७’ एवढंच लिहितं. यातलं ५७ कुठलं, मागच्या वर्षीचं की यंदाचं? रक्कम तंतोतंत जुळली तर सुटलो, नाहीतर फोनाफोनी.

नंबर कधीच न तोडता पुढे चालवला तर हा घोटाळा होत नाही, पण दुसरा उभा राहतो. ३१ मार्चला संगणक बंद होता म्हणून माल हाती लिहिलेल्या बिलावर गेला आणि त्याची नोंद ३ एप्रिलला झाली, असं समजा. तोवर एप्रिलची चाळीस बिलं होऊन गेलेली असतात. मार्चचं बिल एप्रिलच्या नंबरांमध्ये जाऊन बसतं. दोन वर्षांची सरमिसळ होते आणि मार्च कुठे संपला हे नंबरावरून कधीच सांगता येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की वर्ष नंबरातच लिहावं आणि आकडा दर १ एप्रिलला एकपासून सुरू करावा. मग उशिरा नोंदलेलं मार्चचं बिल मार्चच्या मालिकेच्या शेपटाला जोडलं जातं आणि एप्रिलच्या मालिकेला धक्का लागत नाही.

३. प्रत्येक शाखेला तिचं बिलबुक

संगणक येण्याआधी छापखान्यातून बिलबुकं यायची, पानांवर नंबर आधीच छापलेले. प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यावर त्याचं स्वतःचं बुक असे. ते बुक संपूर्ण योजनेचा नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवावं. शाखा, कागदाचा प्रकार आणि वर्ष या तिघांची एक जोडणी म्हणजे एक बिलबुक. सांगलीचं २०२६-२७ चं विक्री-बिलांचं बुक वेगळं, पुण्याचं वेगळं, सांगलीच्या क्रेडिट नोटांचं आणखी वेगळं.

सगळ्या शाखांना एकाच मध्यवर्ती बुकातून नंबर देण्याचा मोह होतो, कारण ते नीटनेटकं दिसतं. पण मग पुण्याची इंटरनेट जोडणी तुटली की पुण्याची विक्री थांबते. शिवाय पुण्याच्या फाइलीत ११, १४, १५, १९ असे तुटक नंबर दिसतात आणि मधलं एखादं बिल खरोखर हरवलंय की ते सांगलीचं होतं, हे तिन्ही फाइली समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. शाखेचं बुक वेगळं असलं की गहाळ पान त्याच शाखेत उघडं पडतं.

बुकांची संख्याही आवरती ठेवायला हवी. दर महिन्याला भरायच्या जीएसटीआर-१ या विवरणपत्रात तेरावा तक्ता असतो. त्यात प्रत्येक मालिकेचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण कागद, त्यांतले रद्द आणि उरलेले असं लिहावं लागतं. मालिका जितक्या, तितक्या ओळी. प्रत्येक विक्रेत्याला स्वतंत्र मालिका देणारी एखादी पेढी असते, ती दर महिन्याला या तक्त्यात अडकते. विक्रेत्याचं नाव बिलात वेगळ्या रकान्यात टाकावं, त्यासाठी नंबर खर्चू नये.

४. सोळा घरांचा हिशेब

पहिला उत्साह साधारण असा नंबर सुचवतो:

```
SANGLI/2026-27/00123
```

वाचायला छान, पण मोजा. सहा अक्षरं, रेघ, वर्षाची सात चिन्हं, पुन्हा रेघ आणि पाच अंक मिळून वीस होतात. चार जास्त. हे बहुतेक वेळा पहिलं बिल पोर्टलवर चढवतानाच कळतं, आणि तोवर गिऱ्हाइकांच्या हातात छापील बिलं गेलेली असतात.

आपल्या पेढीसाठी मी हा साचा घेतो:

```
SGT/2627/00123
```

`SG` म्हणजे सांगली, `T` म्हणजे करासहित विक्रीचं बिल, `2627` म्हणजे २०२६-२७ आणि शेवटी पाच अंकी क्रम. एकूण चौदा घरं भरली, दोन शिल्लक. ती मुद्दाम शिल्लक ठेवलीत. उद्या सांगलीत दुसरा गल्ला बसला तर `SGT2/2627/00001` असं एक घर वापरता येईल. पाच अंक पुरतात का? दिवसाला अडीचशे बिलं झाली आणि दुकान वर्षभर एकही दिवस बंद नसलं, तरी ९१,२५० होतात. म्हणजे पुरतात. आकड्याआधी शून्यं लावायची ती यादी क्रमाने लागावी म्हणून, नाहीतर संगणक १० ला २ च्या आधी बसवतो.

पुण्याचं `PNT`, मडगावचं `MDT`. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचा किंवा कमी केलेल्या रकमेचा कागद, त्याला तिसरं अक्षर `C`. माल नुसता हलवण्याच्या डिलिव्हरी चलनाला `D`. इथे एक बारकावा आहे. सांगलीहून पुण्याला माल गेला तर नोंदणी एकच असल्याने `SGD` चं चलन पुरतं. मडगावला गेला तर पेढी आपलीच असूनही नोंदणी दुसरी, म्हणून `SGT` चं रीतसर बिल लागतं. तिसरं अक्षर नंबरातच असलं की गोदामातल्या माणसाला चुकीचं बुक उघडलं गेल्याचं तिथल्या तिथे दिसतं.

अक्षरं निवडताना `I` आणि `O` टाळावीत. समोरच्या पेढीचा हिशेबनीस तुमचं बिल बघून नंबर आपल्या खरेदीत टाइप करतो, आणि `SGI` चं `SG1` व्हायला वेळ लागत नाही. मग त्याच्या वहीतला नंबर आणि त्याला पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये दिसणारा नंबर जुळत नाहीत, आणि कराची वजावट घेताना तो तुम्हालाच फोन करतो. अक्षरं नेहमी मोठीच ठेवावीत. ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ जून २०२५ पासून लहान आणि मोठी अक्षरं एकच धरली जातात, तेव्हा `sgt` आणि `SGT` या दोन वेगळ्या मालिका कधीच समजू नयेत.

नंबराची सुरुवात अक्षराने करण्याचंही कारण आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना व्यापाऱ्यांना दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यावं लागतं, तेच ई-इन्व्हॉइस. तिथे शून्याने किंवा रेघेने सुरू होणारा नंबर नाकारला जातो. शिवाय अंकांनी सुरू होणाऱ्या नंबरांशी एक्सेलचं जमत नाही. `00123` मधली शून्यं ते गिळतं. `4-26` ला तारीख समजतं. आणि `26E0012` सारख्या नंबरातला `E` पाहून त्याचा चौदा आकडी प्रचंड संख्येचा संक्षेप करून टाकतं. `SGT/2627/00123` ला ते हात लावत नाही.

५. वर्ष कोणाच्या तारखेवरून?

इथे सगळ्यात जास्त योजना फसतात, म्हणून जरा थांबू.

नंबरातलं `2627` संगणक कुठून आणतो? बरीच सॉफ्टवेअरं ते आजच्या तारखेवरून घेतात. काही तर सकाळी उघडताना एकदाच घेतात आणि दिवसभर तेच धरून बसतात. दोन्ही चूक. वर्ष ठरायला हवं ते बिलावर लिहिलेल्या तारखेवरून.

मडगावचं उदाहरण घेऊ. ३१ मार्च २०२६ ला संध्याकाळी वीज गेली आणि माल हाती लिहिलेल्या बिलावर गेला. २ एप्रिलला हिशेबनिसाने बिलाची तारीख ३१ मार्च टाकून नोंद केली. सॉफ्टवेअरने आजची तारीख पाहिली आणि `MDT/2627/00009` हा नंबर दिला. आता बिल मार्चचं आणि नंबर पुढच्या वर्षाचा. कागदावर लिहिलेल्या नंबराशी तर तो जुळतच नाही. मार्चच्या तेराव्या तक्त्यात `2627` ची एकुलती एक ओळ येते आणि एप्रिलच्या मालिकेत नऊ नंबर दिसत नाही. उलट प्रकार पुण्यात होऊ शकतो. रात्री संगणक बंद न करता माणसं घरी गेली आणि १ एप्रिलच्या पहिल्या बिलाला `PNT/2526/03188` असा जुना नंबर मिळाला. मार्चच्या विवरणपत्रात २०२६-२७ ची ओळ दिसली किंवा एप्रिलच्या विवरणपत्रात २०२५-२६ ची, तर समजावं की वर्ष चुकीच्या तारखेवरून घेतलं जातंय.

एक्सेलमध्ये बिलं करणाऱ्यांसाठी हे छोटं सूत्र पुरतं. `A2` मध्ये बिलाची तारीख आहे:

```
=TEXT(EDATE(A2,-3),"yy")&TEXT(EDATE(A2,9),"yy")
```

आर्थिक वर्ष कॅलेंडरच्या तीन महिने मागे चालतं, एवढीच यातली युक्ती. ३१ मार्च २०२६ मधून तीन महिने काढले की डिसेंबर २०२५ येतो, नऊ मिळवले की डिसेंबर २०२६. उत्तर `2526`. एका दिवसाने पुढे, १ एप्रिल २०२६ ला, जानेवारी २०२६ आणि जानेवारी २०२७ येतात. उत्तर `2627`.

वीज गेल्यावर हाताने लिहायच्या बिलांसाठी प्रत्येक शाखेत एक छापील बुक आधीपासून ठेवावं आणि त्याला स्वतंत्र मालिका द्यावी, उदाहरणार्थ `MDH/2526/00001`. नंतर नोंद करताना कागदावरचाच नंबर जसाच्या तसा टाकायचा. संगणकाने त्याला नवा नंबर देता कामा नये, कारण गिऱ्हाइकाकडे जुना नंबर पोचलेला असतो.

क्रेडिट नोटेबद्दल शंका राहते. फेब्रुवारीत विकलेली हळद मे महिन्यात परत आली, तर नोटेला कुठलं वर्ष? नोटेची स्वतःची तारीख मे मधली, म्हणून `SGC/2627/00014`. मूळ बिलाचा नंबर, `SGT/2526/…`, नोटेच्या आत वेगळ्या ओळीत लिहायचा. नोट जुन्या वर्षाच्या बुकात घुसवायची नाही.

६. नंबर नेमका केव्हा द्यायचा

गिऱ्हाईक भाव विचारतं, हिशेबनीस बिल तयार करतो, गिऱ्हाईक विचार बदलतं. कच्चं बिल उघडतानाच नंबर दिलेला असेल तर तो वाया गेला. असे पाचदहा खड्डे पडले की तपासनिसाला प्रत्येकाचा खुलासा द्यावा लागतो. कच्च्या बिलाला नंबर देऊच नये. बिल पक्कं करण्याचं बटण दाबलं की त्या क्षणी पुढचं पान फाडायचं.

त्याच क्षणी दोन गल्ल्यांवरून दोघांनी बटण दाबलं तर? शेवटचा नंबर शोधून त्यात एक मिळवणारं साधं सॉफ्टवेअर दोघांनाही १२२ दाखवतं आणि दोघेही १२३ फाडतात. ज्यांचं सॉफ्टवेअर कोणीतरी लिहून देतं त्यांनी त्याला एवढं विचारावं की शेवटचा आकडा वाढवणं आणि तो वाचणं एकाच झटक्यात होतं का. पोस्टग्रेसवर ते असं होतं:

```sql
UPDATE bill_series SET last_no = last_no + 1
WHERE series = 'SGT' AND fy = '2627'
RETURNING last_no;
```

पहिल्याचं बिल जतन होईपर्यंत दुसऱ्याला त्या ओळीला हात लावता येत नाही, म्हणून त्याला १२४ च मिळतो. ही ओळ आणि बिल एकत्रच जतन व्हायला हवं, म्हणजे बिल अडकलं तर आकडाही मागे येतो आणि खड्डा पडत नाही. डेटाबेसमध्ये आयती मिळणारी `SEQUENCE` नावाची सोय इथे वापरू नये. ती एकदा दिलेला नंबर परत घेत नाही, त्यामुळे अडकलेल्या प्रत्येक बिलामागे एक खड्डा राहतो. वर राखण म्हणून जीएसटीआयएन, वर्ष आणि पूर्ण नंबर या तिघांवर पुनरावृत्तीची बंदी घालावी.

पक्कं झालेलं बिल चुकलं तर ते पुसायचं नाही. जुन्या बुकात चुकलेल्या पानाच्या सगळ्या प्रती जागेवर ठेवून वर ‘रद्द’ लिहीत, तेच संगणकात करायचं. नंबर राहतो, रक्कम शून्य होते आणि तेराव्या तक्त्यात त्याची रद्दमध्ये गणती होते. सांगलीने एप्रिलमध्ये `SGT/2627/00001` ते `SGT/2627/00412` फाडली आणि तीन रद्द केली, तर ४१२, ३ आणि ४०९ असे आकडे भरले जातात. टॅलीत मधलं व्हाउचर पुसलं की पुढचे नंबर सरकवायचे की जसेच्या तसे ठेवायचे, हे व्हाउचर प्रकारात ठरवता येतं. ते जसेच्या तसे ठेवण्यावरच असायला हवं. नंबर सरकले तर गिऱ्हाइकाच्या हातातलं बिल आणि तुमच्या वहीतलं बिल वेगळं होतं.

ई-इन्व्हॉइसमध्ये हे आणखी कडक आहे. पोर्टल जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर मिळून चौसष्ट चिन्हांची एक ओळखखूण बनवतं. ती चोवीस तासांच्या आत रद्द करता येते, पण तोच नंबर पुन्हा वापरता येत नाही. चोवीस तास उलटले की पोर्टलवर रद्द करण्याचा मार्ग बंद होतो आणि चूक क्रेडिट नोटेने किंवा जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्त करावी लागते.

७. शाखा बंद झाली तर

पुण्याची शाखा हडपसरहून चिंचवडला हलली तरी `PN` तेच राहू द्यावं, कारण ते गल्ल्याचं नाव आहे, पत्त्याचं नाही. शाखा कायमची बंद झाली तर तिचं अक्षर पुन्हा कोणाला देऊ नये. एका कागदावर सगळी अक्षरं, कोणाला केव्हा दिली आणि केव्हा थांबवली, एवढी यादी ठेवली की पुरे. वर्षाच्या मध्येच योजना बदलणं भाग पडलं, तर जुनी मालिका जिथे आहे तिथे थांबवून नव्या अक्षरांनी नवी मालिका एकपासून सुरू करावी. अनेक मालिकांना मुभा असल्याने तसं चालतं.

८. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात

जुनं वर्ष बंद करताना प्रत्येक मालिकेची एक मोजणी करावी. पुण्याची यादी `PNT/2526/00001` पासून `PNT/2526/03187` पर्यंत असेल, तर रद्द धरून ३,१८७ ओळी हव्यात. ३,१८६ भरल्या तर एक पान गहाळ आहे. नंबरांची यादी `A` रकान्यात क्रमाने लावून शेजारच्या रकान्यात हे सूत्र ओढायचं:

```
=RIGHT(A3,5)-RIGHT(A2,5)
```

प्रत्येक ओळीत १ यायला हवा. जिथे २ दिसेल तिथे त्या दोघांच्या मधलं बिल नाही. जिथे ० दिसेल तिथे एक नंबर दोनदा फाटलाय. मार्चचं विवरणपत्र भरण्याआधी हे केलं तर शाखेतल्या माणसाला त्या दिवशी काय झालं ते बहुधा आठवतं. मोजणी जुळली आणि मार्चचं जीएसटीआर-१ भरून झालं की २०२५-२६ च्या मालिकांना सॉफ्टवेअरमध्ये कुलूप लावावं. त्यानंतर मार्चची तारीख टाकून कोणी नवं बिल करू पाहिलं, तर संगणकाने नंबर न देता त्याला मुख्य कार्यालयाकडे पाठवावं.